लेवोडोपाची गोळी, जेवणाची वेळ आणि दोन गोळ्यांमधला ‘ऑफ’ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या बाबांना पार्किन्सन होऊन अकरा वर्षं झाली. त्यातली गेली सहा वर्षं आमच्या घराचं घड्याळ त्यांच्या गोळ्यांवर चालतं. ओळखीतल्या, शेजारपाजारच्या आणि दवाखान्यात बाकावर शेजारी बसलेल्या कुटुंबांनी मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले, ते इथे उत्तरांसकट लिहिले आहेत. मी डॉक्टर नाही. गोळीची मात्रा किंवा संख्या बदलणं हे न्यूरॉलॉजिस्टचं काम. पण गोळी आणि ताट यांच्यात किती अंतर ठेवायचं आणि काय टिपून ठेवायचं, हे घरातल्या माणसाच्याच हातात असतं.

गोळी जेवणाआधी घ्यायची की जेवणानंतर?

जेवणाआधी. खाण्याच्या निदान अर्धा तास आधी, भरपूर पाण्याबरोबर. आधी जमलं नाही तर जेवण झाल्यावर किमान एक तास थांबावं, जेवण जड असेल तर दीड-दोन तास.

लेवोडोपा पोटात शोषली जात नाही. पोटातून पुढे सरकून लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात पोचली, की तिथून ती रक्तात जाते. पोट भरलेलं असेल तर गोळी अन्नाबरोबर पोटातच अडकून राहते. पार्किन्सनमध्ये पोट मुळातच सावकाश रिकामं होतं, त्यावर तळलेलं किंवा तुपकट खाल्लं की आणखी सावकाश. म्हणून पुरीभाजीच्या दिवशी गोळी ‘लागत’ नाही.

आपल्याकडे बहुतेक गोळ्या ‘जेवणानंतर’ घ्यायची सवय असते. बीपीची, शुगरची आणि पार्किन्सनची अशा सगळ्या गोळ्या एकाच डबीत एकत्र ठेवल्या जातात आणि आई जेवण झालं की डबी पुढे करते. लेवोडोपाची डबी वेगळी करा. आमच्याकडे पहिला फरक पडला तो एवढ्यानेच.

रिकाम्या पोटी घेतली की मळमळतं. मग काय करायचं?

आधी पाकिटावरचा आकडा वाचा. लेवोडोपा एकटी देत नाहीत, तिच्यासोबत सहसा कार्बिडोपा असतं. पार्किन्सनमध्ये मेंदूत डोपामिन कमी पडतं, आणि लेवोडोपाचं मेंदूत पोचून तेच होतं. कार्बिडोपा लेवोडोपाला मेंदूत पोचण्याआधी वाटेतच डोपामिन होण्यापासून अडवतं. वाटेत झालेलं डोपामिनच मळमळ आणतं. हे अडवण्याचं काम नीट व्हायला बहुतेकांना दिवसाला ७० ते १०० मिलिग्रॅम कार्बिडोपा लागतं. आपल्याकडे ‘११०’ म्हणून मिळणाऱ्या गोळीत १०० लेवोडोपा आणि फक्त १० कार्बिडोपा असतं. तीच लेवोडोपा ‘१२५’ मध्ये २५ कार्बिडोपासोबत येते. म्हणजे ११० च्या तीन गोळ्या घेणाऱ्याला दिवसभरात कार्बिडोपा मिळतं जेमतेम ३०. अशा माणसाला मळमळ होत असेल, तर ‘११० ऐवजी १२५ चालेल का’ एवढं डॉक्टरांना विचारा. बऱ्याचदा तिथेच प्रश्न सुटतो.

तोवर गोळीबरोबर फारशी प्रथिनं नसलेलं काहीतरी थोडं द्यावं: अर्धं केळं, दोन साधी बिस्किटं, मूठभर चुरमुरे. दूध नको.

एक गोष्ट मात्र ठामपणे सांगते. मळमळीवर मेडिकलमधून मनाने औषध आणू नका. मेटोक्लोप्रमाइड आणि प्रोक्लोरपेराझिन ही उलटीची औषधं मेंदूतलं डोपामिन अडवतात, म्हणजे पार्किन्सन वाढवतात. लेवोसल्पिराइडही त्यांच्यातलंच, आणि ते अॅसिडिटीच्या काही कॅप्सूलमध्ये पँटोप्रॅझोलबरोबर मिसळलेलं असतं. पाकिटावर मोठ्या अक्षरात पँटोप्रॅझोल दिसतं, खालची ओळ कुणी वाचत नाही. डोम्पेरिडोन सहसा मेंदूत शिरत नाही, म्हणून डॉक्टर ते निवडतात. पण तेही हृदयाची तपासणी करून, डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच घ्यावं.

प्रथिनांचं आणि या गोळीचं नेमकं वैर काय?

लेवोडोपा रासायनिकदृष्ट्या स्वतःच एक अमिनो आम्ल आहे. डाळ, दूध, अंडी, मटण पचलं की त्यांचीही अमिनो आम्लं होतात. त्यातली ल्युसिन, व्हॅलिन, फेनिलअलॅनिन यांसारखी काही लेवोडोपाच्याच दारातून आत जातात. दारं दोन आहेत: एक आतड्याच्या भिंतीत, दुसरं रक्तातून मेंदूत शिरताना. दारावर गर्दी झाली की लेवोडोपा रांगेत मागे पडते.

यातलं दुसरं दार जास्त महत्त्वाचं. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी १९८४ मध्ये हे एका साध्या प्रयोगाने दाखवलं. त्यांनी रुग्णांना लेवोडोपा शिरेतून सतत दिली, म्हणजे पोटाचा आणि आतड्याचा प्रश्नच मिटला. रक्तातली लेवोडोपाची पातळी कमी झालेली नसताना, भरपूर प्रथिनांचं जेवण दिल्यावर रुग्ण पुन्हा आखडले. औषध रक्तात होतं, पण मेंदूत शिरत नव्हतं. ‘गोळी तर वेळेवर दिली होती, मग का नाही चालली?’ याचं उत्तर यात आहे. आणि जेवणानंतर बराच वेळ थांबूनही काहींना त्रास का होतो, तेही यातूनच कळतं. प्रथिनं पचून अमिनो आम्लं रक्तात कित्येक तास फिरत असतात.

म्हणजे डाळ, दूध, अंडी बंद करायची?

नाही. ही चूक मी स्वतः केली आहे. वरचं सगळं वाचल्यावर मी बाबांची डाळ, दही, अंडं एका झटक्यात बंद केलं. पंधरा दिवस ते छान चालले, म्हणून मी खूश होते. दोन महिन्यांनी वजन ६१ वरून ५८ वर आलं, मांड्या बारीक झाल्या आणि खुर्चीतून उठताना हात टेकावे लागायला लागले. शिवाय वजन उतरलं की तीच गोळी अंगाला जास्त होते. त्यांच्या मानेची आणि खांद्याची वळवळ तेव्हाच वाढली. आहारतज्ज्ञ बाईंनी मला समोर बसवून समजावलं, की प्रथिनं कमी करायची नसतात, त्यांची वेळ बदलायची असते.

ज्यांचा आजार सुरुवातीच्या टप्प्यात आहे आणि ज्यांना दिवसभर गोळी सारखीच लागते, त्यांना प्रथिनांचा विचारही करायची गरज नाही. गोळी अर्धा तास आधी घ्यावी आणि घरातल्या सगळ्यांसारखं जेवावं. हा प्रश्न मुख्यतः काही वर्षं गोळी घेतल्यावर, चढउतार सुरू झाल्यावर येतो. त्यातही सगळ्यांना येत नाही.

गोळी उतरतेय हे ओळखायचं कसं?

सुरुवातीच्या वर्षांत मेंदूच्या पेशी थोडंफार डोपामिन साठवून ठेवू शकतात, म्हणून दोन गोळ्यांमधलं अंतर जाणवत नाही. पेशी कमी होत जातात तशी ही साठवण जाते. लेवोडोपा रक्तात साधारण तासा-दीड तासात निम्मी होते. साठवण नसली, की पुढची गोळी यायच्या आत शरीर आखडायला लागतं. यालाच वेअरिंग ऑफ म्हणतात, आणि आखडलेल्या त्या वेळेला ‘ऑफ’. घरोघरी त्याला ‘गोळी उतरली’ म्हणतात.

हात थरथरणं, पावलं लहान होणं, आवाज बसणं हे सगळ्यांना दिसतं. न दिसणारं आधी येतं. बाबांना पहिल्यांदा घाम फुटतो, मग जीव घाबरा होतो, ‘मला एकटं सोडू नका’ म्हणतात. पंधरा मिनिटांनी डाव्या पायाचा अंगठा वर उचलला जातो आणि मग चाल जाते. आम्ही वर्षभर ती घबराट वयामुळे आहे, स्वभाव बदललाय असं समजत होतो. घबराट, घाम, पोटरीत दुखणं, डोकं न चालणं, वारंवार लघवीला लागणं हे रोज ठरावीक वेळी येत असेल आणि गोळी लागल्यावर जात असेल, तर ते गोळी उतरल्याचंच लक्षण.

उतरलेली गोळी आणि अडलेली गोळी यांत फरक कसा करायचा?

माझ्या मते या सगळ्यातला हाच कळीचा प्रश्न आहे, कारण दोन्हींचा उपाय वेगळा आहे. ओरडून दोन्ही वेळा आपण एकच सांगतो: ‘बाबांना चालता येत नाही.’ घड्याळाशिवाय फरक कळत नाही.

तीन दिवसांची वही ठेवा. गोळी तोंडात टाकली ती वेळ, खाणं सुरू केलं ती वेळ आणि काय खाल्लं, गोळी लागली ती वेळ, पहिलं लक्षण परत आलं ती वेळ. अंगाची वळवळ झाली तर तीही. बस्स.

आमच्या वहीतला एक दिवस सांगते. तेव्हा बाबांना १२५ ची दीड गोळी सकाळी ८, दुपारी २, रात्री ८ अशी होती, तिन्ही खाऊन झाल्यावर. सकाळी अंडं, पोळी आणि कपभर दूध पावणेआठला. गोळी ८ ला. लागली ९.१० ला, म्हणजे सत्तर मिनिटांनी. १२ पर्यंत उत्तम. सव्वाबाराला घाम, साडेबाराला अंगठा वर. १ ला जेवण: पोळी, मटकीची उसळ, वरणभात, ताक. गोळी २ ला. लागली ४ वाजता, तीही अर्धवट. ६.३० ला पुन्हा आखडले.

बारा वाजताचा त्रास ही उतरलेली गोळी होती. ती लागल्यापासून जेमतेम तीन तास टिकली होती, आणि पुढच्या गोळीला अजून दोन तास होते. दोन वाजताचा त्रास वेगळा: गोळी पोटात होती, पण दोन तास लागलीच नाही. ती अडलेली. पहिल्याला अंतर कमी करणं हा उपाय, दुसऱ्याला जेवण बाजूला सरकवणं. दुसऱ्या प्रकाराला उपाय म्हणून गोळी वाढवली असती तर संध्याकाळी वळवळ वाढली असती आणि दुपार तशीच राहिली असती.

पहिल्या आठवड्यात आम्ही गोळ्या तेवढ्याच ठेवल्या, फक्त सकाळची ७ ला पाण्याबरोबर आणि नाश्ता पावणेआठला. गोळी ७.४० लाच लागली. सत्तर मिनिटांची चाळीस झाली. पण मग ती अकराच्या आधीच उतरायला लागली, हे उघडच होतं. वही घेऊन डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी दिवसाच्या साडेचार गोळ्या तशाच ठेवून त्या चार वेळांत वाटल्या: ७ ला दीड, मग १०.३०, २ आणि ५.३० ला एकेक. नाश्ता ७.४५, जेवण १२.१५ ला सुरू आणि १२.४० ला संपलेलं, रात्रीचं जेवण ७.३० ला. प्रत्येक गोळीच्या आधी निदान सव्वा तास पोटाला विश्रांती.

वाटताना एक मर्यादा असते. प्रत्येक माणसाची एक किमान मात्रा असते, तिच्याखाली गोळी लागतच नाही. अर्धी गोळी दर दोन तासांनी असा हिशेब कागदावर छान दिसतो, पण एकही मात्रा त्या पातळीला न पोचल्याने माणूस दिवसभर ऑफ राहू शकतो. म्हणून हे डॉक्टरांनीच ठरवायचं.

प्रथिनं संध्याकाळी सरकवायची तर ताट कसं दिसतं?

वेळा बदलल्यावर बाबांची दुपार बरीच सुधारली, पण उसळ-ताकाच्या दिवशी दोनची गोळी अजूनही तासभर उशिरा लागायची. तेव्हा आम्ही प्रथिनांची वेळ बदलली. हिशेब असा: राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीप्रमाणे किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम, म्हणजे ५८ किलोच्या माणसाला निदान ४८ ग्रॅम. वय झालेल्यांना किलोमागे एक ग्रॅम बरं, म्हणून आमच्या आहारतज्ज्ञांनी ५८ धरले. त्यातले वीसएक संध्याकाळपर्यंत, उरलेले सगळे संध्याकाळनंतर.

वीस ग्रॅम आपोआप होतात, कारण धान्यातही प्रथिनं असतात. एका पोळीत साधारण तीन ग्रॅम. सकाळी पोहे किंवा तांदळाची उकड, बिनदुधाचा किंवा अगदी थोड्या दुधाचा चहा. दुपारी भाकरी किंवा दोन पोळ्या, दुधी, भोपळा, वांगं अशी भाजी, भात आणि वरणाऐवजी टोमॅटोचं सार किंवा सोलकढी. पोह्यांवर दाणे घालायचे नाहीत. रात्री साडेसातला मात्र वाटीभर घट्ट वरण (सहा-सात ग्रॅम), दोन अंडी (बारा), किंवा ७०-८० ग्रॅम पनीर किंवा मासे, वाटीभर दही, आणि झोपताना कपभर दूध. रात्री माणूस अंथरुणात असतो, तेव्हा थोडी गोळी अडली तरी चालतं. ज्यांना रात्री कुशीवर वळतानाच त्रास होतो, त्यांना हे तितकंसं मानवत नाही. त्यांच्यासाठी प्रथिनं दिवसभरात सारखी वाटलेली बरी.

दोन-तीन आठवडे करून पाहा आणि वही परत लिहा. फरक दिसला नाही तर पूर्वीसारखं जेवा. दर पंधरा दिवसांनी वजन करा.

उपवासाचं काय?

साबुदाण्यात प्रथिनं जवळपास नसतातच. खिचडीत जी असतात ती दाण्याच्या कुटातून. ४० ग्रॅम दाण्यांत दहा ग्रॅम प्रथिनं, वर तेल-तूप. त्यामुळे संकष्टीच्या दिवशी ‘उपवास असूनही गोळी लागली नाही’ असं होतं. भगर आणि दाण्याची आमटी यातही आमटीच अडवते. वऱ्याचे तांदूळ, रताळं, बटाट्याची भाजी, फळं दिवसा. दाणे आणि दूध उपवास सोडताना. पाणी मात्र अजिबात तोडू नये. निर्जळी उपवासात गोळी घोटभर पाण्याने गिळली जाते आणि पोटातच रेंगाळते, शिवाय उभं राहिल्यावर रक्तदाब पडतो.

लोहाच्या गोळ्या चालतात का?

चालतात, पण लोह लेवोडोपाला बांधून ठेवतं. दोन्हींत किमान दोन तास ठेवा. ज्या मल्टिव्हिटॅमिनमध्ये लोह आहे, त्यालाही हाच नियम. आमच्याकडे ती रात्री जेवणानंतर देतो.

खाजकुइलीचं चूर्ण विचारणारेही बरेच असतात. त्या बियांत खरोखरीच लेवोडोपा असते. म्हणूनच ते ‘साधं चूर्ण’ नाही. गोळीवर ते घेतलं तर मात्रा किती झाली हे कुणालाच कळत नाही. घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका.

ऑफ असताना जादा गोळी देऊ का?

आधी दोन गोष्टी बघा. शेवटची गोळी कधी दिली, आणि जे दिसतंय ते खरंच आखडणं आहे का? गोळी लागून तासाभराने हातपाय, मान सापासारखी वळवळत असेल तर ती जास्त झालेल्या गोळीची खूण आहे. घरातले तिला थरथर समजतात आणि आणखी एक गोळी देतात. थरथर एका लयीत असते, वळवळ बेलय. मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचं चित्रीकरण करून डॉक्टरांना दाखवा. आमचा वर्षभराचा गोंधळ त्याने मिटला.

गोळी अडली असेल तर ती अजून पोटात आहे. वर दुसरी दिली तर दोन्ही एकदम लागू शकतात. जादा गोळी केव्हा आणि किती, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या.

वेळा, जेवण सगळं नीट करूनही ऑफ जातच नाही. पुढे काय?

डॉक्टर मग दुसरं औषध जोडतात. एन्टाकापोन लेवोडोपा रक्तात लवकर मोडू देत नाही. ते प्रत्येक लेवोडोपाबरोबर २०० मिलिग्रॅम घ्यायचं असतं, एकटं घेऊन उपयोग नाही. लघवी नारिंगी होते, त्याने घाबरू नये. जुलाब मात्र सांगावेत. रासाजिलिन किंवा साफिनामाइड मेंदूतलं डोपामिन जास्त वेळ टिकवतात. ती सुरू असताना खोकल्याचं औषध, ट्रामाडोल किंवा नैराश्याची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल यांचाही उपयोग होतो. पण त्यांनी कुणाला दिवसा झोप येते, कुणाला भास होतात, आणि कुणी अचानक पैसे उडवायला किंवा जुगार खेळायला लागतो. तो माणसाचा नव्हे, औषधाचा दोष असतो. लगेच सांगा. यानंतर शस्त्रक्रिया आणि पंप हे पर्याय येतात, त्यांचा विषय वेगळा.

पहाटे पायाची बोटं मुरडतात आणि दुखतात.

रात्रभरात गोळी पूर्ण उतरलेली असते. उठायच्या अर्धा तास आधी अंथरुणातच पहिली गोळी द्यावी. उशाशी पाणी आणि मोजून काढलेली गोळी ठेवा. काहींना डॉक्टर झोपताना सी.आर., म्हणजे हळूहळू सुटणारी गोळी देतात. ती कधीही कुटू किंवा चावू नये, नाहीतर ती सगळी एकदम सुटते.

एखादी गोळी राहिली तर? किंवा बंदच केली तर?

राहिलेली गोळी आठवताच द्या, पण पुढचीची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्या, दोन एकत्र नकोत. बंद मात्र एकदम कधीच करू नये. अचानक बंद झाल्यावर कडक ताप, अंग लाकडासारखं ताठ होणं, भान हरपणं असं जीवघेणं दुखणं होऊ शकतं.

बाबांना दुसऱ्याच कारणाने दवाखान्यात ठेवायचंय. काय सांगू?

भरतीच्या कागदावरच लिहून घ्या: गोळ्यांच्या वेळा ७, १०.३०, २, ५.३०, तीस मिनिटांपेक्षा पुढेमागे नको, जेवणाबरोबर नको. वॉर्डात औषधांच्या फेऱ्या ठरलेल्या असतात आणि तुमच्या चार वेळांच्या तीन होऊन जातात. बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा एका इस्पितळात अगदी हेच झालं, आणि दुसऱ्या दिवशी त्यांना घोट गिळता येईना. सिस्टरांना वही दाखवली तेव्हा त्यांनी घरून आणलेली डबी आमच्याजवळ ठेवायची परवानगी काढून दिली. मळमळीसाठी मेटोक्लोप्रमाइड द्यायचं नाही, हेही त्याच कागदावर लाल शाईने लिहा. तोंडाने काही देणं बंद ठेवायचं असेल, तर लेवोडोपाचं काय करायचं हे भूलतज्ज्ञ आणि न्यूरॉलॉजिस्टना आदल्या दिवशीच विचारून ठेवा. बऱ्याचदा ऑपरेशनच्या सकाळची गोळी घोटभर पाण्याबरोबर द्यायला ते हो म्हणतात.